‘नवीन लॉगिन’ची सूचना आली की आधी वेळ बघा, मग गाव

‘तुमच्या खात्यात नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं आहे’ एवढंच सांगणारी सूचना कुणाच्याच कामाची नाही. वाचणारा एकतर घाबरतो नाहीतर सरळ पुसून टाकतो, कारण ते लॉगिन आपलंच होतं का, हे ठरवायला त्यात काहीच नसतं. सूचना निदान अशी तरी हवी:

नवीन लॉगिन: १४ मार्च, रात्री २:१० (भारतीय वेळ)
डिव्हाइस: विंडोज संगणक, क्रोम
अंदाजे ठिकाण: मुंबई
पद्धत: पासवर्ड

समजा, ही सूचना साताऱ्यातल्या एका शिक्षिकेच्या ईमेल खात्यावर आली. तिने सगळ्यात आधी वेळ बघावी, कारण यातली सर्वांत भरवशाची गोष्ट तीच. रात्री दोनला ती झोपलेली होती आणि घरातलं दुसरं कुणी तिचं खातं वापरत नाही, म्हणजे शंकेला जागा आहे. पण सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी ही जागतिक प्रमाण वेळ धरून चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. ॲपने ती तशीच छापली असती, तर सूचनेत १३ मार्च, रात्री ८:४० असं दिसलं असतं. त्या वेळी ती खरोखरच संगणकावर बसलेली असेल, तर ‘हे माझंच’ म्हणून ती मोकळी झाली असती. म्हणून ॲप बनवणाऱ्यांनी वेळ वापरणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे द्यावी आणि ती कुठली वेळ आहे, हेही लिहावं.

गावावर मात्र फार विसंबू नका. ठिकाण इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून काढलेलं असतं आणि मोबाइल इंटरनेटवर तो पत्ता अनेकदा कंपनीच्या मोठ्या केंद्राचा निघतो. साताऱ्यात बसून स्वतः लॉगिन केलं तरी मुंबई किंवा पुणे दिसू शकतं. उलट ‘सातारा’ दिसलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. व्हीपीएन वापरणारा आहे त्यापेक्षा वेगळं ठिकाण दाखवू शकतो. त्यामुळे ‘अंदाजे’ हा शब्द सूचनेत हवाच.

डिव्हाइसच्या ओळीत प्रकार बघा, आवृत्ती नको. क्रोम हल्ली वेबसाइटला जुजबीच माहिती देतं, त्यामुळे विंडोज ११ असलेला संगणकही ‘विंडोज १०’ म्हणून दिसू शकतो आणि नवाकोरा फोन ‘अँड्रॉइड १०’ म्हणून. आपण खासगी विंडो उघडली असेल किंवा कुकीज पुसल्या असतील, तर आपलाच जुना संगणक ‘नवीन’ ठरतो, हेही आठवून बघा.

एवढं पाहूनही लॉगिन अनोळखीच वाटलं, तर मेलमधल्या लिंकला हात लावू नका. हुबेहूब अशाच खोट्या सूचना पाठवून पासवर्ड काढून घेतले जातात. ॲप स्वतः उघडा किंवा पत्ता टाइप करा. गुगल खात्यासाठी `myaccount.google.com` वर जाऊन सुरक्षा विभागात तुमच्या डिव्हाइसची यादी बघा. व्हॉट्सॲपमध्ये हीच गोष्ट ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये सापडते. त्या वेळेचं लॉगिन तिथे कुठेच नसेल, तर मेलच खोटा असण्याची दाट शक्यता आहे.

लॉगिन यादीत सापडलं, तर आधी स्क्रीनशॉट घ्या आणि मग ते डिव्हाइस साइन आउट करा. लगेच आपल्या नेहमीच्या फोनवरून पासवर्ड बदला. यातलं एकच करून भागत नाही. काही सेवांमध्ये पासवर्ड बदलला तरी आत असलेला माणूस आतच राहतो, आणि नुसतं साइन आउट केलं तर जुन्या पासवर्डने तो पुन्हा येतो.

पुढची पायरी बरेच जण विसरतात. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना, बघा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. चोर तिथे स्वतःचा पत्ता टाकून गेला असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतील. हीच वाट बंद व्हावी म्हणून ॲपनेही ईमेल बदलल्याची सूचना जुन्या पत्त्यावर पाठवायला हवी.

आता शेवटची ओळ, ‘पद्धत: पासवर्ड’. याचा अर्थ पासवर्ड त्याला माहीत होता. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तर तिथेही बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका, फोन करणारा स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. सुरुवातीला घेतलेला स्क्रीनशॉट त्या तक्रारीला जोडा.