उजवीकडून मोजताना 26 नाही, 27

बुद्धिमत्ता चाचणीच्या तयारीत इंग्रजी अक्षरमालेचे प्रश्न मी आधी बोटांवर मोजून सोडवायचो. उत्तर यायचं, पण वेळ फार जायचा. मग उजवीकडून दिलेला क्रमांक 26 मधून वजा करून डावीकडचा काढायला लागलो, आणि दर वेळी एकच अक्षर इकडेतिकडे व्हायचं. पर्यायांमध्ये ते चुकीचं अक्षरही हमखास असतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

कारण साधं आहे. A डावीकडून पहिला आणि उजवीकडून 26 वा. Z डावीकडून 26 वा, उजवीकडून पहिला. दोन्ही बाजूंनी मोजताना ते अक्षर स्वतः दोनदा मोजलं जातं, म्हणून बेरीज 27. उजवीकडून 10 वं म्हणजे डावीकडून 17 वं, म्हणजे Q. शंका आली की A घालून बघा. 26 मधून वजा केलं तर A चा क्रमांक शून्य येतो.

क्रमांकावरून अक्षर पटकन यावं म्हणून E, J, O, T, Y हे पाच टेकू पाठ करा: 5, 10, 15, 20, 25. मग Q साठी O पासून दोन पावलं पुढे, बस्स.

आता नेहमीचा प्रश्न: उजवीकडून 17 व्या अक्षराच्या डावीकडचं 4 थं अक्षर कोणतं? 'दिशा सारखी तर वजाबाकी, वेगळी तर बेरीज' असं पाठांतर बरेच जण करतात. मला ते धोक्याचं वाटतं, कारण घाईत नेमकं उलट आठवतं. मी आधी सगळं डावीकडच्या क्रमांकात आणतो. 27 वजा 17, म्हणजे 10. डावीकडे चार पावलं, म्हणजे 6. उत्तर F. डावीकडे जायचं तर क्रमांक कमी होतो, उजवीकडे जायचं तर वाढतो, एवढंच लक्षात ठेवायचं. पहिलं पाऊल शेजारच्या अक्षरावर पडतं. J पासूनच 'एक' मोजायला सुरुवात केली तर G येतो.

खरी कसोटी लागते ती अक्षरमालेचा पहिला अर्धा भाग उलटा लिहायला सांगतात तेव्हा. M, L, K असं करत A, आणि पुढे N ते Z नेहमीसारखे. विचारलंय, उजवीकडून 19 व्या अक्षराच्या उजवीकडचं 3 रं. जागेचा हिशेब जराही बदलत नाही: 27 वजा 19 म्हणजे 8, अधिक 3 म्हणजे 11 वी जागा. इथे हात सवयीने K लिहून मोकळा होतो. पण 11 व्या जागेवर आता K नाही. पहिल्या 13 जागांत M पहिला आणि A तेरावा, म्हणून जागा 14 मधून वजा करायची. 14 वजा 11 म्हणजे 3, म्हणजे C. उत्तराची जागा 13 च्या पुढे गेली असती, तर ही शेवटची वजाबाकी करायचीच नव्हती. म्हणून कच्च्या कामात मी आधी जागेचा आकडा लिहून त्याभोवती गोल करतो आणि मगच अक्षराकडे वळतो.