मेदाच्या स्लाइडवर आधी कडा पाहा, मग केंद्रक शोधा

पुण्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असताना हिस्टॉलॉजीच्या स्पॉटिंगमध्ये मी तपकिरी मेदाच्या स्लाइडला तैलग्रंथी म्हटले. तपकिरी मेद म्हणजे तपकिरी दिसणारा, अशी माझी समजूत होती आणि समोरची स्लाइड तर गुलाबी होती. ताज्या ऊतीला तो रंग भरपूर मायटोकॉन्ड्रियांमुळे आणि दाट केशवाहिन्यांमुळे येतो. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या छेदात तो उरत नाही, म्हणून तिथे रंगापेक्षा रचनाच पाहावी लागते.

पांढऱ्या मेदाच्या पेशीत मेदाचा एकच मोठा थेंब असतो. स्लाइड तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये तो विरघळून जातो, त्यामुळे पेशीच्या जागी रिकामे वर्तुळ आणि कडेला पेशीद्रवाची बारीक किनार उरते. केंद्रक त्या किनारीत चपटे होऊन दबलेले असते, आणि पुष्कळ वर्तुळांत ते दिसतच नाही. हे कोडे हिशेबाने सुटते. पेशी सुमारे १०० मायक्रोमीटर व्यासाची आणि छेद ५ मायक्रोमीटर जाडीचा धरला, तर एका पेशीचे वीस काप होतात आणि केंद्रक त्यांतल्या थोड्याच कापांत सापडते. तेव्हा जर्नलमध्ये प्रत्येक वर्तुळाला केंद्रक काढू नका.

तपकिरी मेदाची पेशी बरीच लहान, साधारण ३० मायक्रोमीटरची, म्हणजे तिचे सहाच काप होतात. केंद्रक गोल असून बहुधा मध्याजवळ असते, म्हणून ते वारंवार दिसते. मेद अनेक लहान थेंबांत विखुरलेला असल्याने पेशीद्रव फेसाळ दिसते, आणि मायटोकॉन्ड्रियांमुळे त्याला इओसिनचा गुलाबी रंग चढतो. या मायटोकॉन्ड्रियांतले यूसीपी-१ हे प्रथिन प्रोटॉनांना एटीपी न बनवताच आत परतू देते आणि ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. नवजात बाळाला कुडकुडून ऊब मिळवणे फारसे जमत नाही, म्हणून त्याच्या खांद्याच्या फऱ्यांमध्ये, मानेत आणि मूत्रपिंडांभोवती हा मेद असतो. प्रौढांत तो थोडाच, मुख्यतः मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि कण्यालगत उरतो. पांढरा मेद मात्र त्वचेखाली आणि पोटात सर्वत्र असतो, ऊर्जा साठवतो आणि लेप्टिन स्रवतो.

माझी चूक फेसाळ पेशीद्रवाने केली होती, कारण तैलग्रंथीच्या पेशीही तशाच दिसतात. फरक भोवताली असतो. तैलग्रंथीच्या कडेला लहान, गडद पेशींचा थर असतो, आत जाताना केंद्रके आक्रसत जातात आणि जवळ बहुधा केसाचे मूळ सापडते. तपकिरी मेदात असा थर नसतो, केंद्रके सगळीकडे सारखीच टवटवीत असतात आणि पेशींच्या मधून केशवाहिन्या गेलेल्या दिसतात. म्हणून आधी लो पॉवरवर कडा पाहा, आणि मगच हाय पॉवर लावून केंद्रकाकडे वळा.