एकच जोखीम दोनदा वजा करताय का? प्रकल्प तपासताना या चुका टाळा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रोजेक्ट रिपोर्टांमध्ये एक चूक इतक्या वेळा दिसते की आता मी फाइल उघडली की आधी तीच शोधतो. कॅश फ्लो 'जरा सांभाळून' कमी धरलेले असतात आणि वर पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणायचा डिस्काउंट रेटही 'जोखीम आहे म्हणून' चढवलेला असतो. म्हणजे एकाच भीतीची किंमत दोनदा मोजली जाते.

समजा, भाड्याच्या जमिनीवर खडी क्रशर टाकायचा आहे. गुंतवणूक 90 लाख, तीन वर्षं दरसाल सरासरी अपेक्षित 40 लाख. सरकारी रोख्यांसारखा बिनजोखमीचा दर 7 टक्के आणि या धंद्याची जोखीम धरून 12 टक्के. 12 टक्क्यांनी तिन्ही वर्षांच्या रकमा आजच्या किमतीत आणल्या की 96.07 लाख होतात आणि त्यातून गुंतवणूक वजा केली की एनपीव्ही, म्हणजे प्रकल्पाची निव्वळ आजची किंमत, 6.07 लाख येते. ही झाली जोखीम-समायोजित दराची पद्धत.

दुसऱ्या पद्धतीत दराला हात लावायचा नाही, रक्कमच घटवायची. मालकाला विचारायचं, "हे अनिश्चित 40 लाख सोडून किती पक्के मिळाले तर चालतील?" तो 36 म्हणाला, तर गुणक 0.9. ही झाली निश्चिततुल्य रक्कम. तिच्यातली जोखीम काढून झालेली असते, म्हणून तिला 7 टक्केच लावायचे.

वरचे 12 टक्के या भाषेत सांगायचे तर एक्सेलमध्ये तिसऱ्या वर्षाचा गुणक असा निघतो:

```
=((1+7%)/(1+12%))^3
```

उत्तर 0.872. पहिल्या वर्षी तो 0.955 असतो, दुसऱ्या वर्षी 0.913. 40 लाखांना हे गुणक लावून 7 टक्क्यांनी आजची किंमत काढली की पुन्हा 96.07 लाखच येतात. पण याच घटवलेल्या रकमांना कुणी 12 टक्के लावले, तर बेरीज 88.05 लाखांवर येते आणि एनपीव्ही उणे 1.95 लाख होतो. चांगला प्रकल्प कागदावरच मेला. म्हणून रिपोर्टमध्ये गुणक दिसला की पहिला प्रश्न दराचा विचारा: तो 7 आहे की 12?

ते तीन गुणक पुन्हा बघा. ते दरवर्षी ठरावीक प्रमाणात घसरत जातात, म्हणजे 12 टक्के लिहिताना आपण न बोलता मान्य केलं की जोखीम काळाबरोबर याच चालीने वाढते. अलेक्झांडर रोबिचेक आणि स्टुअर्ट मायर्स या वित्त-अभ्यासकांनी 1966 मध्ये यावरच बोट ठेवलं होतं. बऱ्याच धंद्यांत ही चाल चालूनही जाते. आपल्या क्रशरचं मात्र तसं नाही. रस्त्याच्या ठेकेदाराशी तीन वर्षांचा करार होतो की नाही, एवढीच खरी धास्ती आहे, आणि तिचा निकाल पहिल्या काही महिन्यांतच लागतो. मग तिन्ही वर्षांना 0.9 हाच गुणक शोभतो आणि एनपीव्ही 4.48 लाख येतो. हेच दरात बसवायला गेलात तर पहिल्या वर्षाच्या रकमेला 18.9 टक्के लागतील, दुसऱ्या वर्षाच्या 12.8 आणि तिसऱ्या वर्षाच्या 10.8. एकच दर सगळ्यांना कसा पुरणार? जोखीम सुरुवातीलाच एकवटलेली असेल, तिथे निश्चिततुल्य पद्धतच वापरावी असं माझं मत आहे.

सर्वांत कमी लक्ष जातं ते शेवटच्या खर्चाकडे. करार संपल्यावर, चौथ्या वर्षी, खड्डा बुजवून आणि जमीन सपाट करून ती मूळ मालकाला परत द्यायची आहे. अंदाजे खर्च 8 लाख. रिपोर्टमध्ये यालाही सवयीने 12 टक्के लावलेले असतात. आजची किंमत 5.08 लाख पडते आणि पहिल्या हिशोबातला 6.07 लाखांचा एनपीव्ही 0.99 लाखांवर येतो. अजून नफ्यात! आता गंमत बघा: कुणी "खर्च बेभरवशाचा आहे" म्हणून दर 16 केला, तर याच खर्चाची आजची किंमत 4.42 लाखांवर उतरते. खर्चाची भीती वाढली आणि खर्च हलका झाला.

खर्चाच्या बाबतीत गुणक उलटा चालतो, तो 1 च्या वर जातो. मालकाला विचारायचं, "हे काम अंगावरून काढून टाकायला चौथ्या वर्षी पक्के किती द्यायचं आज कबूल कराल?" तो 8.8 लाख म्हणाला, तर गुणक 1.1. 7 टक्क्यांनी त्याची आजची किंमत 6.71 लाख, आणि एनपीव्ही उणे 0.64 लाख. गुणक न लावता नुसते 7 टक्के घेतले तरी तो जेमतेम शून्याच्या खाली जातो. अपवाद एकच: तेजीत, धंद्याला बरकत असतानाच जो खर्च फुगतो, त्याला वरचा दर लावायला जागा आहे. खड्डा बुजवण्याचा खर्च त्यात बसत नाही.