पैशाचा पुरवठा, गुणक आणि बेस: गणितं सोडवताना या चुका टाळा

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: पुरवठा म्हणजे गुणक गुणिले बेस. तरीही आमच्या सांगलीतल्या क्लासमध्ये सराव पेपर तपासताना दिसतं की गुण जातात ते गुणाकारात नाही, तर कुठला आकडा कशाने भागायचा यात. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि नेहमीच्या चुका त्याच्यावरच करून बघू.

समजा, लोकांच्या हातातली रोकड ४०० कोटी आहे आणि मागणी ठेवी १,६०० कोटी. बँकांच्या तिजोरीत २० कोटींची रोख आहे आणि रिझर्व्ह बँकेकडे बँकांची शिल्लक १४० कोटी. म्हणजे बँकांचा राखीव निधी १६० कोटी, ठेवींच्या १० टक्के.

पैशाचा पुरवठा इथे २,००० कोटी, यात कुणी चुकत नाही. चुकतात ते बेस काढताना. बेस म्हणजे लोकांची रोकड अधिक बँकांचा राखीव निधी, ४०० अधिक १६०, म्हणजे ५६० कोटी. पण प्रश्नात ‘लोकांच्या हातातली रोकड’ न देता ‘चलनात असलेली रोकड ४२० कोटी’ दिली, की मुलं ४२० अधिक १६० करून ५८० लिहितात. त्या ४२० मध्ये तिजोरीतले २० कोटी आधीच धरलेले आहेत आणि १६० मध्ये तेच पुन्हा आले. चलनातली रोकड दिली असेल, तर तिच्यात फक्त रिझर्व्ह बँकेकडची शिल्लक मिळवायची: ४२० अधिक १४०. उत्तर पुन्हा ५६०.

आता गुणक. २,००० भागिले ५६०, म्हणजे सुमारे ३.५७. हेच गुणोत्तरांवरून काढायचं तर सूत्र असं:

```
m = (1 + c) / (c + r)
```

यात c म्हणजे रोकड भागिले ठेवी, इथे ०.२५. आणि r म्हणजे राखीव निधी भागिले ठेवी, इथे ०.१०. १.२५ भागिले ०.३५, उत्तर तेच ३.५७.

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. प्रश्नात लिहिलेलं असतं, ‘लोक आपल्याजवळच्या एकूण पैशाच्या २० टक्के भाग रोखीत ठेवतात.’ मुलं बिनधास्त c = ०.२० घेतात, गुणक ४ येतो आणि पुरवठा २,२४० कोटी. पण हे २० टक्के ठेवींचे नाहीत, एकूण पैशाचे आहेत. शंभरातले २० रोख, ८० ठेवीत. म्हणजे c झाला २० भागिले ८०, ०.२५. किंवा थेट हे सूत्र वापरा, ज्यात k म्हणजे रोकड भागिले एकूण पुरवठा:

```
m = 1 / (k + r(1 - k))
```

१ भागिले ०.२८, पुन्हा ३.५७. सूत्र कुठलंही चालेल. ‘कशाच्या २० टक्के?’ हा प्रश्न मात्र पेन उचलण्याआधी विचारायचा.

दुसरी सवय १ भागिले r लिहून मोकळं होण्याची. बारावीच्या पतनिर्मितीच्या धड्यातून ती येते. त्या धड्यात सगळा पैसा बँकेतच परत येतो असं धरलेलं असतं. आपल्या उदाहरणात ते लावलं तर गुणक १०, पुरवठा ५,६०० कोटी. लोकांच्या हातात एक रुपयाही रोख नसेल तरच हे खरं. त्या धड्यात कधीकधी सीआरआर आणि एसएलआर यांची बेरीज करून राखीव प्रमाण दिलेलं असतं, आणि मुलं तीच बेरीज इथे r म्हणून घालतात. एसएलआरसाठी बँका मुख्यतः सरकारी रोखे घेतात. ते रोखे बेसमध्ये मोजले जात नाहीत आणि त्यांना दिलेला पैसा सरकारच्या खर्चातून परत फिरतो. म्हणून प्रश्नात वेगळं सांगितलेलं नसेल तर r मध्ये फक्त रोख राखीव निधी घ्या, आणि बँकांनी जादा राखीव ठेवल्याचं दिलं असेल तर तोही.

पुरवठ्यातला बदल विचारला की अजून एक घोळ होतो. रिझर्व्ह बँकेने २८ कोटींचे रोखे खरेदी केले. बेस २८ ने वाढला, पुरवठा १०० कोटींनी. आता ‘ठेवी किती वाढल्या?’ असं विचारलं तर १०० लिहायचं नाही. ठेवींचा गुणक १ भागिले (c + r), म्हणजे २.८६, त्यामुळे ठेवी ८० कोटींनी वाढतात. पडताळा सोपा आहे: ठेवी ८०, रोकड २०, राखीव निधी ८. रोकड आणि राखीव मिळून २८ झाले, म्हणजे हिशोब जुळला. मी तर हा पडताळा समासात केलाच पाहिजे असा आग्रह धरतो. वरच्या बहुतेक चुका तिथेच उघड्या पडतात.

‘सर, सीआरआर वाढला म्हणजे पैसा आटला, मग बेस कमी व्हायला नको का?’ हा प्रश्न दर वर्षी येतोच. समजा r १० वरून १५ टक्के झाला. कुणी ठेवींचे ५ टक्के म्हणजे ८० कोटी बेसमधून वजा करतं, कुणी मिळवतं. दोन्ही चूक. रिझर्व्ह बँकेने काही विकत घेतलेलं नाही की विकलेलं नाही, त्यामुळे बेस ५६० च राहतो. ठेवी होतात ५६० भागिले ०.४०, म्हणजे १,४००. रोकड ३५०, राखीव निधी २१०, पुरवठा १,७५०. राखीव निधी ५० ने वाढला, लोकांची रोकड ५० ने घटली, बेरीज तीच.

c बदलला तरी तसंच. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम जोरात असताना पट्टीचे पैसे अनेक जण रोखीत काढतात. r १० टक्केच ठेवून c ०.२५ वरून ०.३० झाला असं धरा. ठेवी १,४००, रोकड ४२०, पुरवठा १,८२०. इथे मुलं थबकतात, कारण रोकड वाढली फक्त २० कोटींनी आणि ठेवी घटल्या २०० कोटींनी. ते बरोबरच आहे. ते २० कोटी राखीव निधीतून बाहेर पडले, आणि बँकेत असताना त्यातला एकेक रुपया दहा रुपयांच्या ठेवींना आधार देत होता. खिशात आल्यावर तो फक्त एक रुपया.

बेस आणि गुणक दोन्ही एकाच प्रश्नात बदलले तर बदल वेगवेगळे काढून बेरीज करू नका. बेस ५८८ आणि r १५ टक्के असेल, तर नवा गुणक ३.१२५ आणि पुरवठा १,८३७.५ कोटी. आधी सीआरआरचा परिणाम काढून १,७५० मध्ये जुन्या गुणकाचे १०० मिळवणाऱ्याचं उत्तर १,८५० येतं.

आणि प्रश्नात एम३ विचारला असेल तर मुदत ठेवीही ठेवींत धरा. मग c आणि r यांचा छेदही त्याच एकूण ठेवींचा घ्यायचा. रिझर्व्ह बँक जो गुणक देते तो एम३ भागिले राखीव पैसा असाच असतो. त्यात मागणी ठेवींवरून काढलेला c घातला तर उत्तर जुळणार नाही.