पाच वर्षांनी लागणारा पैसा: मुदत ठेव की इंडेक्स फंड? या चुका टाळा

जळगावात मी लोकांची करविवरणे भरून देतो. मार्च-एप्रिलमध्ये कागदांच्या गठ्ठ्याबरोबर हा प्रश्नही येतोच. गेल्या वर्षी रावेरकडचे एक केळी उत्पादक आले होते, आम्ही त्यांना आप्पाच म्हणतो. बाग कटली होती आणि खर्च-देणी भागवून 4 लाख हातात उरले होते. मुलगी जूनमध्ये आठवीत जाणार होती. पाच वर्षांनी, जूनमध्ये, तिच्या प्रवेशाला पैसे हवेत. पुतण्याने मोबाइलवर इंडेक्स फंडाचा, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वर-खाली होणाऱ्या म्युच्युअल फंडाचा, गेल्या पाच वर्षांचा परतावा दाखवला होता आणि आप्पांचं मन डळमळलं होतं.

पहिली चूक तिथेच होते. मोबाइलवर दिसतो तो आजच संपणाऱ्या पाच वर्षांचा आकडा. खिडकी थोडी सरकवली की चित्र पालटतं. मार्च 2015 च्या सुरुवातीला पन्नास मोठ्या कंपन्यांचा निफ्टी 50 निर्देशांक 8,900 च्या वर होता. 23 मार्च 2020 ला, कोरोनाच्या धास्तीत, तो एकाच दिवसात सुमारे 13 टक्के पडून 7,610 वर बंद झाला. म्हणजे पूर्ण पाच वर्षं थांबलेला माणूस, लाभांश धरूनही, तोट्यात. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्देशांक 13,000 च्या पुढे गेला, हेही खरं. ज्याला आठ महिने थांबता आलं त्याचं काहीच बिघडलं नाही.

मी आप्पांना एवढंच विचारलं, भाव पडला तर तुम्ही काय करता? ते म्हणाले, “कापूस असला तर घरात भरून ठेवतो. केळीचं तसं नाही ना भाऊ, घड तयार झाला की कटलाच पाहिजे.” कॉलेजची फी केळीसारखी आहे. तिची तारीख बाजार ठरवत नाही. जो पैसा कापसासारखा घरात पडून राहू शकतो, तेवढाच इंडेक्स फंडात शोभतो.

दुसरी चूक जास्त सावध माणसंच करतात. “अर्धे इकडे, अर्धे तिकडे.” ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्यात हिशेब काहीच नसतो. हिशेब उलटा, शेवटाकडून करायचा. आज प्रवेश घेतला असता तर साधारण 4 लाख लागले असते. फी दरवर्षी 5 टक्के वाढेल असं धरलं तर पाच वर्षांनी 5,10,000 लागतील. बँकेचा दर 6.5 टक्के आणि व्याज तिमाही चक्रवाढीने धरलं, तर 1 लाखाचे पाच वर्षांत सुमारे 1,38,000 होतात. मग 5,10,000 मिळवायला आज किती ठेवावे लागतील? सुमारे 3,69,500. म्हणजे आप्पांच्या 4 लाखांतून इंडेक्स फंडासाठी उरतात 30,500. दोन लाख नव्हे.

हे 30,500 निम्मे झाले तरी फी भरली जाते. वर्षाला 10 टक्क्यांनी वाढले तर 49,000 च्या आसपास होतात, वसतिगृहाचे काही महिने निघतील. आप्पांचा चेहरा जरा पडला, एवढ्यासाठी एवढी चर्चा कशाला, असा. पण उत्तर तेच आहे. तुमच्याकडे 5 लाख असतील आणि गरज हीच असेल, तर 1,30,000 मोकळे राहतात. प्रमाण वयावरून किंवा स्वभावावरून ठरत नाही, गरजेनंतर काय उरतं त्यावरून ठरतं. आणि उरत नसेल, पैसे कमी पडत असतील, तर ती तूट इंडेक्स फंड भरून काढेल या आशेवर राहू नका. ती दर हंगामाला थोडी भर घालूनच भरते.

यात कर विसरू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, पण त्या पैशाच्या ठेवीचं व्याज शेतीचं उत्पन्न ठरत नाही. आप्पांचं इतर उत्पन्न नगण्य, म्हणून त्यांना फरक पडला नाही. पण 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराने कर त्याच व्याजातून जाईल असं धरलं तर 6.5 चे हाती 5.2 टक्केच राहतात. मग त्याच 5,10,000 साठी आज सुमारे 3,94,000 ठेवावे लागतात आणि फंडासाठी जेमतेम 6,000 उरतात.

आता ठेवीच्या बाजूच्या चुका. आपल्याकडे ‘एफडी केली’ म्हणणाऱ्याची पावती पाहिल्याशिवाय मी पुढे बोलत नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं घरोघरी सापडतील. पावतीवर ‘सहकारी पतसंस्था’ लिहिलेलं असेल तर ती बँक नाही आणि त्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. दर एक-दोन टक्के जास्त दिसतो तो याच जोखमीचा. सहकारी बँक मात्र वेगळी, नोंदणीकृत सहकारी बँकेच्या ठेवीला विमा असतो. तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत, सगळ्या शाखा एकत्र धरून. आप्पांची ठेव शेवटी 5,10,000 होणार, म्हणजे शेवटच्या काही महिन्यांत ती मर्यादेबाहेर जाते. म्हणून आम्ही ती दोन बँकांत विभागली.

पावत्याही चार केल्या. एकाच मोठ्या पावतीत सगळं अडकवलं आणि मध्येच विहिरीला किंवा दवाखान्याला 60,000 लागले, तर बहुधा पूर्ण ठेव मोडावी लागते. तेव्हा जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लागतो आणि वर दंड म्हणून अर्धा ते एक टक्का कापला जातो. चार पावत्या असल्या की एकच मोडते. काउंटरवर ‘पाच वर्षांची’ म्हटलं की कधीकधी कर वाचवणारी ठेव पुढे केली जाते. ती पाच वर्षं मोडता येत नाही, तिच्यावर कर्जही मिळत नाही, आणि कराचा फायदा फक्त जुन्या करप्रणालीत. आप्पांना तिचा काहीच उपयोग नव्हता.

मुदत मे महिन्यात संपेल अशी घ्या, जूनमध्ये नव्हे. फॉर्मवर आपोआप नूतनीकरणाचा रकाना असतो, तिथे ‘मुदतीअंती खात्यात जमा’ निवडा. नाहीतर ठेव पुन्हा पाच वर्षांसाठी बांधली जाते आणि प्रवेशाच्या आठवड्यात ती मोडायला धावपळ होते.

इंडेक्स फंडाच्या 30,500 पुरतं दोनच गोष्टी. फंड निफ्टी 50 सारख्या मोठ्या निर्देशांकाचा आणि डायरेक्ट प्लॅनचा, म्हणजे एजंटच्या कमिशनशिवायचा घ्या, छोट्या कंपन्यांचा स्मॉलकॅप किंवा एखाद्या क्षेत्राचा निर्देशांक नको. आणि मासिक एसआयपी, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप जाणारा हप्ता, लावण्याआधी आपला पैसा कधी येतो ते पाहा. केळीवाल्याचा पैसा बाग कटल्यावर येतो. मधल्या महिन्यांत खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत जातो आणि बँक प्रत्येक वेळी दंड लावते. आप्पांनी तीन वेळा, बागेच्या पैशातून, 10,000 च्या आसपास टाकायचं ठरवलं. मात्र शेवटच्या वर्षी नवीन टाकायचं नाही. पाच वर्षांच्या एसआयपीत शेवटच्या हप्त्याला पाच वर्षं मिळतच नाहीत, एक महिना मिळतो.

चौथी दिवाळी झाली की फंड उघडून बघायचा. वर असेल तर काढून बचत खात्यात आणायचा, दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे येतात. 12 महिन्यांहून जुन्या युनिटांवर वर्षाला 1,25,000 पर्यंतच्या नफ्याला कर नाही, म्हणजे इथे करही नाही. खाली असेल तर आप्पा म्हणाले तसं, कापूस घरातच ठेवायचा.