हळद घाऊक विकायला लावताय? ओलाव्याचा आकडा एकटा लिहू नका

रायबाग, चिकोडी, अथणी, कुडची या पट्ट्यातली हळद वर्षानुवर्षं सांगलीला जाते. तिथं माल समोर असतो. व्यापारी हळकुंड मोडून बघतो, वास घेतो आणि भाव सांगतो. थेट हुबळी, बेंगळुरू किंवा मुंबईच्या घाऊक खरेदीदाराला माल दाखवायचा, तर हे सगळं काम जाहिरातीच्या चार ओळींना करावं लागतं. जात, आकार, पॅकिंग या गोष्टी नवीन माणूसही नीट लिहितो. फसतो तो ओलाव्यावर.

बहुतेक जण लिहितात, 'मॉइश्चर 10 टक्के'. हा आकडा खरा असूनही तुमचा माल नाकारला जाऊ शकतो. हळदीत पाण्याशिवाय उडून जाणारं तेलही असतं आणि हळदीचा वास त्याचाच. सोयाबीन किंवा मक्याचा ओलावा तपासतात तसा हळदीचा नमुना 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवला, तर पाण्याबरोबर हे तेलही उडतं. वजनातली सगळी घट मग ओलावा म्हणून मोजली जाते. म्हणून मसाल्यांसाठी टोल्युइन ऊर्ध्वपातनाची पद्धत वापरतात. तिच्यात नमुना टोल्युइन या द्रवात उकळतात, वाफ थंड करतात आणि खुणा असलेल्या नळीत पाणी वेगळं साठतं तेवढंच मोजतात. तेल टोल्युइनमध्येच राहतं.

याचे पैसे किती होतात ते बघा. समजा 60 क्विंटलचा लॉट आहे, भाव क्विंटलला 13,000 रुपये ठरला, आणि अट अशी की 10 टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला एक टक्का वजन कापायचं. तुमच्या टोल्युइन अहवालात 10 आलं. खरेदीदाराने तोच माल ओव्हनमध्ये तपासला आणि 12.5 काढलं. अडीच टक्के म्हणजे दीड क्विंटल, 19,500 रुपये. कुणी खोटं बोललेलं नाही, माल तोच आहे, फक्त पद्धत वेगळी. वर 12 टक्के ही भारतीय अन्न मानकांतली अख्ख्या हळदीची कमाल मर्यादा असल्याने 12.5 वाचून तो गाडी परतही पाठवू शकतो. उलट, जिला तेल जास्त ती हळद या हिशेबात जास्त 'ओली' ठरते. म्हणजे चांगल्या मालालाच फटका.

धान्याच्या छोट्या मीटरवर तर हळद तपासूच नका. तो ठरवून दिलेल्या दाण्यांसाठी असतो, हळकुंडाचा आकार आणि घट्टपणा त्याला पेलत नाही. 'अंदाजे लिहा, सगळे तसंच लिहितात' असा सल्ला बाजारात फुकट मिळतो. देणाऱ्याची नियत चांगली असेलही, पण कपात त्याच्या खिशातून होत नाही. हा आडमार्ग महागात पडतो.

घाबरण्यासारखं मात्र यात काही नाही. एक वाक्य जास्त लिहायचं आहे: 'ओलावा 10 टक्के, टोल्युइन पद्धतीने, भरणीच्या दिवशी काढलेल्या नमुन्यावर.' कपातीची अटही याच पद्धतीवर बांधा.

प्रयोगशाळेत पाठवण्याआधी घरची परीक्षा करा. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना खट् आवाज येतो आणि मोडलेला भाग आतपर्यंत एकसारखा कोरडा दिसतो. बाहेर कडक आणि मध्यभागी गडद, चिवट, नख रुतेल असा गाभा असेल तर वाळवण अर्धवट आहे. शिजवताना जाड-बारीक एकत्र घातलं, थर जाड पसरला किंवा वाळवताना उलटापालट कमी झाली, की असं होतं. पॉलिश केल्यावर हे बाहेरून कळत नाही, म्हणून मोडूनच बघा, तेही जाड हळकुंडं निवडून. गड्डे आणि हळकुंडं एकाच वेगाने वाळत नाहीत. त्यांचे लॉट वेगळे ठेवा, आकडेही वेगळे लिहा.

नमुना काढणं म्हणजे खरी मेहनत. धान्याच्या पोत्यात पोकळ नळी खुपसून माल काढता येतो, हळकुंडाला ती चालत नाही. पोतं उघडून ओतावं लागतं. 60 क्विंटल म्हणजे 50 किलोची 120 पोती. त्यातली अकरा-बारा थप्पीच्या वरून, मधून, खालून आणि भिंतीकडून निवडा. प्रत्येकातून वरचा, मधला, तळाचा माल घ्या. एकत्र ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे काढा, आणि असं करत दीड किलोपर्यंत आणा. तिथून अर्ध्या किलोच्या तीन पिशव्या भरा. एक खरेदीदाराला, एक तुमच्याकडे, तिसरी वादासाठी सील करून. पिशवी जाड, हवाबंद प्लास्टिकचीच घ्या. कागदात किंवा कापडात गुंडाळलेला नमुना वाटेतच हवा पितो किंवा सुकतो, आणि मग तिसऱ्या पिशवीला काहीच अर्थ उरत नाही. सुंदर हळकुंडं निवडून नमुना बनवू नका. पहिल्या गाडीलाच उघडं पडतं.

पीक-वर्ष लिहिताना 'हंगाम 2024-25' एवढंच लिहिलं तर एक जण लागवड समजतो, दुसरा काढणी. मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये लावलेली हळद पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला निघते, म्हणून दोन्ही महिने लिहा. शीतगृहातला जुना माल असेल तर तसंच सांगा, त्यालाही गिऱ्हाईक असतं. आणि रायबागच्या मालावर 'सांगली हळद' लिहू नका. तिथं विकली जाते म्हणून ती तिथली होत नाही, आणि त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे.

जाहिरात साधारण अशी असावी:

हळद, हळकुंड, सेलम, पॉलिश केलेली. मूळ ठिकाण रायबाग तालुका, जिल्हा बेळगावी. लागवड जून 2024, काढणी फेब्रुवारी 2025. 15 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे 3 टक्क्यांपर्यंत, गड्डे 2 टक्क्यांपर्यंत. ओलावा 10 टक्के, टोल्युइन पद्धत, भरणीच्या दिवशी. बाहेरून रंग चढवलेला नाही. 60 क्विंटल, नवी ज्यूट पोती, निव्वळ 50 किलो. नमुना अर्धा किलो मोफत, कुरिअर खर्च खरेदीदाराचा. नमुना फक्त याच लॉटचा, 15 दिवसांपर्यंत ग्राह्य. वाद झाल्यास सीलबंद तिसरा नमुना दोघांनी आधी ठरवलेल्या प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. खर्च ज्याचा आकडा चुकला त्याचा.

'निव्वळ' हा शब्द सोडू नका. दहा रिकामी पोती एकत्र तोलून बारदान्याचं वजन काढा आणि ते वगळूनच भरा.

खळ्यावरची गरम हळद लगेच पोत्यात भरली तर आत घाम धरते, म्हणून रात्रभर सावलीत निवू द्या. ज्यूटमधून हवा आत-बाहेर होते. एप्रिलमध्ये 9 टक्के असलेला माल जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ओलावा ओढतो. पावसाळ्यात विक्री लागली तर एप्रिलचा अहवाल जोडू नका. भरणीआधी नवा नमुना काढा, थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आणि जाहिरातीतला आकडा तारखेसह बदला.