साप चावल्यावर या चुका टाळा: दोरी, ब्लेड आणि चुकीचा दवाखाना

मला साप पकडायला बोलावतात तिथे हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे गच्च आवळलेली दोरी. विष वर चढू नये म्हणून बांधतात. विष थांबत नाही, पाय मात्र रक्ताविना काळानिळा पडतो. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर विषाने आधीच पेशी मरत असतात, त्यात ही भर. आणि बांधलीच असेल तर रस्त्यात घाईने सोडू नका. अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. सापाच्या विषावरचं औषध म्हणजे अँटीव्हेनम आणि श्वासाची तयारी असलेल्या ठिकाणी डॉक्टरच ती सोडतील.

ब्लेडने कापणं, तोंडाने चोखणं, बर्फ, मंत्र: काही नको. मंत्राने ‘बरे’ झालेल्यांना बहुधा बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापाने विष सोडलेलंच नसतं.

आता माझी जुनी चीड. एका पहाटे फोन आला. जमिनीवर झोपलेल्या पोराला रात्री काहीतरी टोचलं, मुंगी असेल म्हणून तो पुन्हा झोपला. तीन वाजता पोटात कळा. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. पाच वाजता त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, शब्द जड झाले. मी पोहोचलो तेव्हा अंथरुणाखाली मण्यार होती. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कधीकधी खूणही दिसत नाही.

घरच्यांनी जवळचा म्हणून एक दवाखाना गाठला, तिथे अँटीव्हेनमच नव्हतं. दुसरीकडे ते होतं, पण व्हेंटिलेटर नाही. तिसरीकडे पोचेपर्यंत श्वास अडखळत होता. चार दिवस यंत्रावर राहून पोरगा वाचला. मण्यारीच्या विषाने लुळा पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो, पण त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. श्वास थांबला तर दवाखान्यापर्यंत तोंडाने श्वास देत राहा.

म्हणून मी एकाला गाडी काढायला किंवा १०८ ला फोन लावायला सांगतो. दुसऱ्याने रुग्णालयाला दोनच प्रश्न विचारायचे: अँटीव्हेनम आहे का? श्वास बंद पडला तर सोय आहे का? पहिलं असेल आणि दुसरं नसेल, आणि मोठं रुग्णालय लांब असेल, तर पहिला डोस तिथेच घ्या आणि मग पुढे हलवा. फोन लागेना तर वाट बघत बसू नका, निघा.

तोवर अंगठी, पैंजण काढा. हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. चालू देऊ नका, उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. दंशाची आणि पापण्या जड झाल्याची वेळ लिहून ठेवा, डॉक्टर हेच विचारतात.

साप मारून आणू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच अँटीव्हेनम चालतं. मेलेला सापही चावतो. लांबून सहज फोटो मिळाला तर पुरे.